लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड: बॉक्स घेण्याआधी पोर्ट बघा

गेल्या महिन्यात सावेडीहून मामेभावाचा फोन आला. "दादा, एक बॉक्स मिळतो. त्यात डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड बसवायचं आणि टाईप-सी केबलने लॅपटॉपला लावायचं. माझा लॅपटॉप एकदम नवा होईल ना?" बॉक्स त्याने कार्टमध्ये टाकून ठेवला होता, फक्त पेमेंट बाकी होतं. मी म्हटलं थांब, आधी लॅपटॉपच्या डाव्या बाजूचा फोटो पाठव.

फोटोत टाईप-सी पोर्ट होतं, पण त्याच्या शेजारी विजेच्या बाणाची खूण नव्हती. बॉक्स मागवला असता तर घरी येऊन तो नुसता उजळला असता. लॅपटॉपला कार्ड दिसलंच नसतं.

त्याचा लॅपटॉप २०२१ सालचा. आय-५ ११४००एच प्रोसेसर, जीटीएक्स १६५० कार्ड, त्यावर ४ जीबी मेमरी. कॉलेज पहिल्या वर्षाचं होतं तेव्हा घेतलेला. आता नवीन गेम्समध्ये सगळं सेटिंग 'लो'वर ठेवूनही अडखळतो, आणि ब्लेंडरमध्ये थोडा मोठा सीन टाकला की मेमरी संपते. घरच्यांकडून आणि स्वतःच्या छोट्यामोठ्या कामातून जमवलेले साठ हजार हातात आहेत. पुन्हा एवढे पैसे लवकर जमणार नाहीत, म्हणून प्रश्न खेळाचा असला तरी हिशोब नीट व्हायला हवा होता.

टाईप-सी हा आकार आहे, वेग नाही

हे तुम्हाला फोनवरून माहीत असेल. चार्जरसोबत आलेली टाईप-सी केबल लावून फोनमधले व्हिडिओ लॅपटॉपवर टाकायला घेतले की तासभर लागतो, कारण त्या केबलमधून डेटा यूएसबी २.० च्या वेगानेच जातो. टोक तेच, आतल्या तारा वेगळ्या. लॅपटॉपच्या पोर्टचंही तसंच आहे.

ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरशी बोलतं ते पीसीआय एक्सप्रेस नावाच्या रस्त्याने. साध्या यूएसबीतून हा रस्ता जातच नाही, मग यूएसबीचा वेग ५ जीबीपीएस असो वा १०. तो बाहेर काढायला टाईप-सी पोर्टमध्ये थंडरबोल्ट ३, ४ किंवा ५ लागतं, नाहीतर यूएसबी ४ लागतं. यूएसबी ४ मध्येही एक मेख आहे: त्यातून पीसीआय एक्सप्रेस द्यायचं की नाही हे लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतं. त्यामुळे डब्यावर नुसतं 'यूएसबी ४' लिहिलेलं पुरेसं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये थंडरबोल्टचा उल्लेख शोधा, किंवा त्याच मॉडेलवर कुणी बाहेरचं कार्ड चालवलेलं दाखवलंय का ते बघा.

मामेभावाने इथे हुज्जत घातली. इंटेलच्या पानावर या प्रोसेसरला थंडरबोल्ट ४ चालतं असं लिहिलंय, मग माझ्या लॅपटॉपला का नाही? खरं आहे, ११व्या पिढीच्या एच प्रोसेसरमध्ये ती सोय आतच आहे. पण तिथून पोर्टपर्यंत सिग्नल न्यायला मदरबोर्डवर आणखी चिप्स आणि नीट आखलेल्या तारा लागतात. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या नेमका तोच खर्च वाचवतात. नळाला टाकीचं पाणी आहे, पण तुमच्या मजल्यापर्यंत पाईपच टाकलेला नाही, असा प्रकार.

खात्री करायची असेल तर विंडोज ११ मध्ये Settings उघडा, Bluetooth & devices मध्ये जा, तिथे USB. त्या पानावर USB4 hubs and devices असं दिसलं तर तुमच्याकडे यूएसबी ४ आहे. थंडरबोल्टच्या जुन्या लॅपटॉपवर हे दिसत नाही. तिथे Device Manager उघडून System devices खाली Thunderbolt Controller शोधायचा. दोन्ही नसेल तर टाईप-सीवाला बॉक्स विसरा. (ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकला थंडरबोल्ट असतं, पण तिथे बाहेरचं ग्राफिक्स कार्ड गेम्ससाठी चालत नाही. तोही पैसा वाचवा.)

पोर्ट आहे असं धरलं, तरी किती मिळतं?

समजा तुमच्याकडे थंडरबोल्ट ४ आहे. त्यावर ४० जीबीपीएस लिहिलेलं असतं. त्यातले पीसीआय एक्सप्रेससाठी जास्तीत जास्त ३२, आणि मधला सगळा खटाटोप वजा जाता कार्डाच्या हाती प्रत्यक्षात साधारण अडीच जीबी प्रति सेकंद लागतात. (जीबीपीएस म्हणजे गिगाबिट, त्याला ८ ने भागलं की जीबी.) तेच आरटीएक्स ४०६० डेस्कटॉपमध्ये बसवलं तर त्याला आठ लेन मिळतात, म्हणजे सुमारे १५ जीबी प्रति सेकंद. सहापट.

सहापट म्हणून घाबरू नका. गेम सहापट हळू होत नाही, कारण बहुतेक सामान आधीच कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत जाऊन बसलेलं असतं. रस्त्यावरून फक्त प्रत्येक फ्रेमच्या सूचना आणि लागेल तसा नवा माल येतो. आता भागाकार करून बघा. ६० फ्रेम्सवर गेम चालतोय तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे ४२ एमबी येतात. १४४ फ्रेम्सवर चालवायचा म्हटलं तर जेमतेम १७ एमबी.

इथे लोकांचा अंदाज उलटा पडतो. व्हॅलोरंटसारखा हलका गेम दीडशे-दोनशे फ्रेम्सवर खेळायला बाहेरचं कार्ड घ्यावं असं वाटतं, आणि तिथेच ते सगळ्यात कमी देतं. फ्रेम्स जितक्या जास्त, तितकी सूचनांची ये-जा जास्त आणि तितका अरुंद रस्ता आड येतो. उलट जड गेम, मोठं रिझोल्यूशन, ५०-६० फ्रेम्स अशा ठिकाणी कार्ड स्वतःच्या कामात गुंतलेलं असतं आणि रस्त्याची फारशी आठवण येत नाही. ब्लेंडरचं रेंडरिंग तर याहून सोयीचं, सीन एकदा कार्डात चढला की मग बराच वेळ केबल निवांत.

सावेडीतून पुण्याला निघालेली गाडी सुपा, शिरूरपर्यंत सुसाट जाते आणि वाघोलीला येऊन उभी राहते. इंजिन आणखी दमदार घेतलं म्हणून वाघोलीला काही फरक पडत नाही. बाहेरच्या कार्डाचंही तेच आहे, म्हणून या केबलवर फार महागडं कार्ड लावण्यात अर्थ नाही. मधल्या किमतीचं पुरे.

मात्र कार्डाच्या मेमरीत काटकसर करू नका. गेमला ९ जीबी हवेत आणि कार्डावर ८ च आहेत, तर उरलेलं लॅपटॉपच्या रॅममध्ये जातं आणि दर वेळी केबलवरून ओढून आणावं लागतं. डेस्कटॉपवर अशा वेळी थोडा झटका बसतो, अडीच जीबीच्या रस्त्यावर गेम चक्क थांबून थांबून चालतो. सरासरी फ्रेम्स ठीक दिसतात पण वळण घेतलं की चित्र अडकतं, ही त्याची खूण. टेक्स्चर सेटिंग एक पायरी खाली आणून ते थांबलं, तर मेमरीच कमी पडत होती असं समजा.

आणि मॉनिटर वेगळा लागतोच. कार्डाने तयार केलेलं चित्र लॅपटॉपच्याच स्क्रीनवर बघायचं असेल तर प्रत्येक फ्रेम त्याच केबलने परत यावी लागते. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट: सुमारे ८.३ एमबी. अडीच जीबीच्या वेगाने ती यायला तीन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. ६० फ्रेम्सवर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद असतात, तिथे हे खपून जातं. १४४ वर फक्त ६.९ मिलिसेकंद असतात, त्यातले निम्मे नुसत्या प्रवासात. परतीची वाट वेगळी असली तरी उशीर व्हायचा तो होतोच. मॉनिटर थेट कार्डाला लावला की ही भानगड संपते.

एम.२ स्लॉटचा आडमार्ग

मामेभावाला थंडरबोल्ट नाही, म्हणजे विषय संपला का? नाही. लॅपटॉपच्या पोटात आणखी एक पीसीआय एक्सप्रेसचा रस्ता असतो: एसएसडी बसते तो एम.२ स्लॉट. त्यात एसएसडीऐवजी एक छोटी पट्टी बसवायची, तिला ऑक्युलिंक नावाची केबल जोडायची, ती लॅपटॉपच्या बाहेर काढून एका उघड्या बोर्डवर न्यायची. बोर्डावर ग्राफिक्स कार्ड उभं राहतं आणि त्याला डेस्कटॉपचा साधा पॉवर सप्लाय लागतो. दिसायला एखाद्या प्रोजेक्टच्या प्रदर्शनातला अर्धवट प्रयोग वाटतो. पण वेग बॉक्सपेक्षा जास्त, कारण मध्ये थंडरबोल्टचं भाषांतर नाही, थेट चार लेन मिळतात. स्लॉट तिसऱ्या पिढीचा असेल तर साडेतीन-पावणेचार जीबी, चौथ्या पिढीचा असेल तर सात जीबीच्या वर.

अट एवढीच की लॅपटॉपला दोन एम.२ स्लॉट हवेत, आणि दुसरा स्लॉट फक्त साटा प्रकारचा नको. साटा स्लॉटमध्ये एसएसडीची पट्टी बसते, पण त्यात पीसीआय एक्सप्रेस नसतं. आकाराने दोन्ही सारखेच, त्यामुळे डोळ्यांनी ओळखता येईलच असं नाही. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवा, त्यात प्रत्येक स्लॉटपुढे PCIe 3.0 x4 किंवा SATA असं लिहिलेलं असतं. मामेभावाच्या मॅन्युअलमध्ये पहिला स्लॉट PCIe 4.0 x4 निघाला आणि दुसरा PCIe 3.0 x4. एसएसडी दुसऱ्यात हलवायची आणि ऑक्युलिंकची पट्टी पहिल्यात बसवायची. एसएसडी थोडी मंदावते, ते कळतही नाही.

बघितलं तेवढं सोपं मात्र नाही. लॅपटॉप चालू असताना ही केबल काढायची किंवा लावायची नाही. आधी पॉवर सप्लाय चालू करायचा, मग लॅपटॉप. केबल अर्ध्या मीटरच्या आसपासच ठेवा, लांब किंवा स्वस्त केबलवर सिग्नल खराब होतो. तो खराब होतोय हे कसं कळेल? Event Viewer मध्ये Windows Logs खाली System उघडा. गेम खेळलेल्या वेळेला WHEA-Logger च्या नावाने Event ID 17 च्या ओळीच्या ओळी दिसल्या, तर केबल किंवा पट्टी चुका करतेय आणि त्या कशाबशा दुरुस्त होतायत. अशा वेळी पट्टी दुसऱ्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये नेऊन बघायची. निम्मा वेग जातो, पण मशीन स्थिर होतं.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे Device Manager मध्ये नव्या कार्डावर पिवळी खूण आणि Code 12. याचा अर्थ कार्डाला पत्ते द्यायला जागा उरली नाही, कारण आतलं जुनं कार्ड ती अडवून बसलंय. जीटीएक्स १६५० ला तिथेच Disable करून लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

सगळं जुळल्यावर खरंच चार लेन मिळतात का हे एनव्हिडियाच्या कार्डावर असं तपासता येतं:

```
nvidia-smi --query-gpu=name,pcie.link.gen.current,pcie.link.width.current --format=csv
```

गेम मागे चालू ठेवूनच ही कमांड द्या. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला स्वतःच पहिल्या पिढीच्या वेगावर उतरतं, आणि लोक उगाच केबलला दोष देतात. शेवटच्या रकान्यात 4 दिसलं पाहिजे. 1 किंवा 2 आलं तर पट्टी नीट बसलेली नाही.

पैशांचा हिशोब

आकडे गोल धरलेत, दर आठवड्याला भाव हलतो. तुम्ही बघाल त्या दिवशीचे टाका, पद्धत तीच राहील.

आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं कार्ड ३० हजार. साधारण मॉनिटर १० हजार. पॉवर सप्लाय ४ हजार. हे ४४ हजार बाहेरच्या कार्डालाही लागतात आणि नवा डेस्कटॉप जोडायचा म्हटलं तरी लागतात. म्हणून ते बाजूला ठेवा. तुलना फक्त उरलेल्याची करायची.

थंडरबोल्टचा बॉक्स घेतला तर उरलेला खर्च म्हणजे बॉक्सचा. रेझरचा कोअर एक्स २०१८ साली आला तेव्हा कार्डाशिवाय २९९ डॉलर होता. २०२५ चा त्याचा नवा अवतार ३५० डॉलरचा, आणि त्यात पॉवर सप्लायसुद्धा नाही. रुपयांत करून कर आणि कुरिअर धरलं की ३५ हजार सहज. डेस्कटॉपचं उरलेलं काय? प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट: काटकसरीने ३५ हजारांच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच पैशांत एकीकडे रिकामा डबा, दुसरीकडे अख्खा कॉम्प्युटर, आणि तोही अरुंद रस्त्याशिवाय. माझ्या मते गेमिंग लॅपटॉपवाल्याने थंडरबोल्ट बॉक्स घेणं जवळपास कधीच परवडत नाही. तो शोभतो हलका, पातळ, ऑफिसचा लॅपटॉप रोज घेऊन फिरणाऱ्याला, ज्याला घरी आल्यावर एक केबल खोचून त्याच मशीनवर काम हवंय आणि दोन मशीन सांभाळायच्या नाहीत.

ऑक्युलिंकचं उरलेलं मात्र पट्टी, केबल आणि बोर्ड मिळून नऊ-दहा हजार. एकूण ५४ हजार. इथे साठ हजारांत गणित बसतं, पण त्यात एक ओळ राहिली होती.

लाईट. सावेडीत लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बाहेरच्या कार्डाचा पॉवर सप्लाय मात्र बंद पडतो. लॅपटॉपच्या दृष्टीने चालत्या गाडीचं इंजिन कुणीतरी उचलून नेलं. स्क्रीन गोठते किंवा निळी होते, सेव्ह न केलेलं रेंडर जातं. घरी इन्व्हर्टर आहे म्हणाल, तर डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय साधारण १६ मिलिसेकंदच दम धरतो आणि घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर त्याहून जास्त वेळ घेऊन बदलतो. पंखा-ट्यूबला ते कळत नाही, कार्डाला कळतं. इन्व्हर्टरवर UPS मोडचं बटण असेल तर ते लावून बघा. नाहीतर कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा साधा यूपीएस कार्ड आणि मॉनिटरपुरता घ्या. ४०६० पूर्ण जोरात ११५ वॅट खातं, मॉनिटर २५-३० वॅट, त्यामुळे सगळं व्यवस्थित सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. साडेतीन हजार धरा. बेरीज साडेसत्तावन्न हजार.

म्हणजे डेस्कटॉपपेक्षा साडेएकवीस हजार कमी, आणि बदल्यात टेबलावर उघडं कार्ड, खालचं झाकण कापून किंवा काढून ठेवलेला लॅपटॉप. वॉरंटी चालू असेल तर हा उद्योग करूच नका. मामेभावाची संपलेली आहे. पण त्याला लॅपटॉप कॉलेजला न्यावा लागतो, म्हणजे दर वेळी शट डाउन, केबल काढणं, पुन्हा लावणं. ऑक्युलिंकची टोकं रोजच्या खुपसाखुपशीसाठी बनवलेलीच नाहीत. आठवड्यातून किती दिवस नेतोस, विचारलं. "प्रॅक्टिकल असलं की. दोन दिवस." दोन दिवस चालेल, रोज असता तर नको म्हटलं असतं.

शेवटचं एक तपासायला लावलं, खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. तो जे गेम खेळतो ते चालू करून Task Manager च्या Performance मध्ये आतल्या कार्डाचा वापर बघ म्हटलं. ९५ टक्क्यांच्या वर चिकटलेला असेल तर कार्ड कमी पडतंय. साठ-सत्तरवर खेळत असेल आणि तरी फ्रेम्स कमी, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय आणि बाहेरून कितीही मोठं कार्ड लावा, फरक नाही. त्याच्या तीन गेम्सपैकी दोन ९८ वर होते. तिसरा व्हॅलोरंट, पन्नाशीत. "मग तो तसाच राहणार?" राहणार.

आता खरेदीचा क्रम असा ठरलाय. आधी मॉनिटर, तो आजच्या लॅपटॉपलाही एचडीएमआयने लागतो. मग पॉवर सप्लाय आणि यूपीएस. मग कार्ड, ८ ऐवजी जास्त मेमरीचं थोड्या फरकात मिळालं तर ते, त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी. पट्टी आणि बोर्ड सगळ्यात शेवटी, कारण मधल्या काळात कुणी जुना डेस्कटॉप स्वस्तात काढला तर आधीचं सगळं त्यात जाईल आणि दहा हजार तसेच वाचतील. कार्टमधला बॉक्स त्याने काढलाय. स्क्रीनशॉट मागवून घेतला.